फोटोंवरून चामडी पट्टा पारखायचाय, काय बघू?

सांजवात: ३५ मिमी रुंदीचा पट्टा, पितळी बक्कलवर नक्षी. विक्रेत्याने जवळून काढलेले चार फोटो पाठवलेत: बक्कल समोरून, भोकं, लूपची शिवण आणि कड. नक्षी काळीभोर आणि खोल दिसतेय. घ्यावा का?

गुळगुळीत: काळी दिसतेय म्हणजे खोलच. उथळ कोरीवकामात रंग टिकत नाही, लगेच पुसला जातो.

रापी: उथळ रेषेतला रंग लवकर जातो हे बरोबर, पण ते वापरल्यावर कळणार. नव्या बक्कलवर लेझरने नुसता काळा केलेला पृष्ठभागही समोरून असाच दिसतो. नक्षीचा फोटो परत मागवा: दिवा एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर, प्रकाश रेषेला आडवा पडेल असा, आणि शेजारी मिमीची पट्टी. या कोनात सावलीची रुंदी म्हणजेच खोली. अर्धा मिमी रुंद रेषेचा तळ पूर्ण सावलीत गेला, तर खोली निदान अर्धा मिमी आहे. जास्त किती, ते सांगता येणार नाही. दुसरा फोटो दिवा समोरच्या बाजूला नेऊन. सावलीने बाजू बदलली नाही, तर तो नुसता रंग.

सांजवात: मागवते. कडेवर मधोमध एक बारीक रेघ आहे, तिचं काय?

गुळगुळीत: मग चुऱ्याचा पट्टा आहे, सोडून द्या.

रापी: घाई नको. रेघ म्हणजे दोन थर चिकटवलेत, एवढंच. चांगल्या चामड्याला अस्तर लावलं तरी ती दिसते. कडेवर रंगाचा थर असला की आत काय आहे ते झाकलं जातं. म्हणून भोकाच्या आत बघा, तिथे सहसा रंग पोचत नाही. भिंतीत एकसंध, गुंतलेले तंतू दिसले तर ठीक. करड्या पुठ्ठ्यासारखा, सुटा होणारा गाभा दिसला तर चुरा.

भोकाच्या तोंडाशी चामडं आत दबलेलं आणि मागून तंतू लोंबणारे, म्हणजे पंच बोथट होता. ते एकवेळ चालेल, पण भोकापासून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा चालणार नाहीत. वरचा लेप ठिसूळ आहे, वाकवल्यावर सोलणार.

चारचौघी: माझ्या पट्ट्याला घरी एक भोक वाढवायचंय, खिळ्याने चालेल का?

रापी: नाही, खिळा चामडं कापत नाही, बाजूला सारतो, भोक आक्रसतं किंवा फाटतं. गोल पंचच घ्या, आणि आधीच्या भोकांमधलं अंतर मोजून तेवढंच ठेवा, बहुधा २५ मिमी असतं.

सांजवात: आणि लूप? आतल्या बाजूला दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून शिवलीत, दोनच टाके आहेत.

रापी: दोन टाक्यांचं मला पटत नाही. टोकं टेकवून शिवायची पद्धत बरोबर आहे, पण शेवटी उलटे टाके हवेत. दोऱ्याची टोकं नुसती कापलेली दिसली तर विचारा.

गुळगुळीत: माझ्याकडे पिनेने जोडलेली लूप आहे, शिवणीपेक्षा पक्की.

रापी: पक्की असेल, पण पिनेचं टोक वर आलं की पट्ट्यावर ओरखडे.

सांजवात: नक्षीचे फोटो आले. दिवा हलवला तरी काळं जिथल्या तिथे. भोकाच्या आतला फोटो द्यायला मात्र तो टाळतोय.