‘हुळि पुडि’ म्हणजे सांबार मसाला

‘मंगळूरच्या पाकिटाचा फोटो टाकलाय. मोबाइल “हुळि पुडि”चं “आंबट पूड” करतोय. मग चिंच घालायची नाही का?’

घालायचीच! कानडीत हुळि म्हणजे आंबट खरंच, पण आंबट डाळ-भाजीलाही हुळिच म्हणतात, म्हणजे आपलं सांबार. पुडीत धणे, मिरची, मेथी असते, आंबटपणा तुमच्याकडचा. पाकिटाच्या मागच्या ओळीतलं ‘हुणसे’ म्हणजे चिंच, ‘बेळे’ डाळ, ‘ओग्गरणे’ फोडणी.

वाटीभर तुरीच्या डाळीला दोन चहाचे चमचे पूड घ्या. आधी भाजी, चिंचेचा कोळ आणि पूड उकळा. कच्चा वास गेला की शिजलेली डाळ. पूड शेवटी टाकली तर चव कडवट, कच्ची लागते. मालवणात मी चिंचेऐवजी चार आमसुलं टाकते. चालतं, पण ते हुळि राहत नाही हं.