अनुभव धागा: फ्लॅटमेट्समध्ये भाडं आणि लाईट बिल कसं वाटता? (खोल्या लहानमोठ्या, एक जण घरून काम करणारा)

कर्वेनगरचा_भाडेकरू
आमचा थ्री बीएचके, भाडं ३६,०००. तिघं राहतो, मी, एक सोलापूरचा आणि एक नांदेडचा. पहिले आठ महिने १२-१२ हजार आणि लाईट बिल भागिले तीन, कोणाची काही तक्रार नव्हती. मार्चपासून नांदेडकराला कायमचं वर्क फ्रॉम होम मिळालं, एप्रिलमध्ये त्याने भाड्याने एसी आणून मास्टर बेडरूममध्ये बसवला आणि मे महिन्याचं बिल आलं ५,११५. फेब्रुवारीत याच्या निम्म्याहून कमी होतं. सोलापूरकराने ते बिल फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं, बोलला काही नाही, पण येता जाता सगळ्यांनी वाचावं असं बरोबर डोळ्यांसमोर. मग बिलावरून विषय खोल्यांवर गेला, कारण सगळ्यात लहान खोली सोलापूरकराकडे आहे आणि भाडं तेवढंच देतोय. तुम्ही कसं ठरवलंत ते आकड्यांसकट लिहा. "समजूतदारपणे घ्या" वगैरे नको, ते आईने फोनवर सांगून झालंय.

टेपवाली_मीनल
खोल्यांचं आम्ही मोजून केलं. मी सुताराकडची टेप आणली होती. नुसत्या क्षेत्रफळावर भाडं वाटायला गेलात तर फसाल, कारण हॉल, किचन, गॅलरी सगळे सारखंच वापरतात, त्याचंही भाडं त्या ३६ हजारात आहे की. आम्ही अर्धं भाडं सारखं वाटलं आणि अर्धं खोलीच्या मापाने. माप घेताना वॉर्डरोबची जागा धरायची (ती वापरता ना?) पण दाराच्या मागचा अरुंद बोळ असतो तो सोडायचा. तुमची मापं टाका, करून देते.

कर्वेनगरचा_भाडेकरू
मास्टर १४ बाय ११, माझी ११ बाय १०, सोलापूरकराची १० बाय ८. मास्टरला अटॅच्ड बाथरूम आहे.

टेपवाली_मीनल
म्हणजे १५४, ११० आणि ८०, एकूण ३४४ चौरस फूट. १८,००० सारखे वाटले की प्रत्येकी ६,०००. उरलेले १८,००० मापाने वाटले की मास्टरला ८,०५८, तुम्हाला ५,७५६, लहान खोलीला ४,१८६. गोळाबेरीज करून १४,०००, ११,८०० आणि १०,२००. नुसत्या मापाने केलं असतं तर मास्टरवाल्याला १६ हजारांच्या वर गेलं असतं आणि त्याने लगेच दुसरं घर शोधायला घेतलं असतं. अटॅच्ड बाथरूमचे वेगळे धरायचे का यावर आमच्याकडे दोन रात्री गेल्या, शेवटी ५०० लावले.

डोंबिवली_फास्ट_नाही
माप ठीक आहे पण खोलीची किंमत मापात नसते. माझी खोली मोठी होती आणि खिडकीखाली पहाटे पाचला दुधाच्या क्रेटचा टेम्पो लागायचा. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाने तिन्ही खोल्यांना आपल्या मते किती भाडं योग्य ते लिहायचं, बेरीज एकूण भाड्याएवढीच आली पाहिजे. मग ज्या वाटणीत लिहिलेल्या आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त होते तशा खोल्या द्यायच्या. तुमच्या ३६ हजारांवर समजा एकाने मास्टरला १५,५०० लिहिले, दुसऱ्याने मधलीला १२,०००, तिसऱ्याने लहानीला ११,०००, तर बेरीज ३८,५००, म्हणजे २,५०० जास्त. ते तिघांना सारखे परत, प्रत्येकी ८३३ कमी. १४,६६७, ११,१६७ आणि १०,१६७. प्रत्येकाला आपण लिहिलेल्यापेक्षा कमीच द्यावं लागतं त्यामुळे तोंड बंद. फक्त चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, नाहीतर शेवटचा माणूस बाकीच्यांचं बघून लिहितो, आमच्याकडे एकाने तेच केलं होतं.

एचआरए_पीडित
अॅग्रीमेंटवर तिघांची नावं आहेत का ते आधी बघा. आमच्या लीव्ह अँड लायसन्सवर एकट्या मित्राचं नाव होतं आणि मी एचआरएला पावत्या लावायला गेलो तर एचआरने परत पाठवल्या. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅनही लागतो, आणि आमच्या मालकाने पॅन द्यायला तीन महिने लावले.

टेपवाली_मीनल
@एचआरए_पीडित प्रश्न वाटणीचा आहे हो. पण मुद्दा कामाचा आहे, वाटणी बदलली तर पावत्याही बदललेल्या रकमेच्याच करून घ्या.

मीटरवाला_काका
मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, मुलगा बाहेरगावी फ्लॅटवर राहतो म्हणून इथे डोकावलो. बिलात रुपये बघू नका, युनिट बघा. फेब्रुवारीचे किती आणि मे चे किती?

कर्वेनगरचा_भाडेकरू
काका, फेब्रुवारी २१०, मे ३८०.

विमाननगर_नाइटशिफ्ट
सोपं आहे मग. १७० युनिट वाढले, ते सगळे वर्क फ्रॉम होमवाल्याचे. दीड टनाचा एसी म्हणजे तासाला दीड युनिट, वर दिवसभर लॅपटॉप. द्या त्याच्या माथी मारून.

मीटरवाला_काका
टनाचा आणि युनिटचा तसा संबंध नाही बाळा. टन म्हणजे थंड करायची ताकद. खोली एकदा गार झाली की इन्व्हर्टर एसी वेग कमी करतो, बंद खोलीत २६ वर ठेवला तर तासाला एक युनिटच्या आसपास किंवा कमीही जाईल, १८ वर ठेवून दार उघडं टाकलं तर जास्त. आणि लॅपटॉपला उगाच बदनाम करताय. लॅपटॉप ६० वॅट, मॉनिटर २५-३०, पंखा ७५, ट्यूब २०, सगळं मिळून १८० च्या आसपास. दिवसाला नऊ तास, महिन्याचे २२ दिवस म्हणजे साधारण ३५ युनिट. खरी गोष्ट स्लॅबची आहे. महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटला एक, १०१ ते ३०० ला त्याच्या जवळपास दुप्पट, ३०० च्या वर आणखी चढा. दर बदलत राहतात, तुमच्या बिलाच्या मागे बघा, पण हिशेबापुरतं वहन आकार धरून ६, १२ आणि १६ धरू. २१० युनिटचे १,९२०. ३८० चे ४,२८०. युनिट दुप्पटही झाले नाहीत आणि पैसे सव्वादोन पट झाले. त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क.

सोलापूरचा_मीच
तो फ्रिजवर बिल लावणारा मीच. काकांनी आता माझ्या मनातलं सांगितलं. माझा वापर तेवढाच असताना घर ३०० च्या वर कोणामुळे गेलं? ज्याच्यामुळे गेलं त्याने वरच्या दराने भरावं.

नांदेड_टू_पुणे
बरं, मीपण आलो. पहिले १०० स्वस्त युनिट तुमच्या दोघांच्या बापाचे आहेत का? सरासरी काढा, ४,२८० भागिले ३८० म्हणजे युनिटला सव्वाअकरा, माझे जेवढे असतील तेवढे त्या दराने देतो. दिवसभर पार्सल कोण घेतो, कामवालीला दार कोण उघडतो, गॅस सिलिंडर कोण उतरवून घेतो ते पण फ्रिजवर लावा.

पाषाण_टेकडी
१७० सगळे त्याचे म्हणणं चूकच आहे. फेब्रुवारीत रात्री पंखा कोण लावतं? मे मध्ये तुम्हा दोघांचेही पंखे रात्रभर चालले असणार, तेच ३५ युनिट, फ्रिजही जास्त चालतो. उलट फेब्रुवारीत गिझर जास्त चालला असेल. दोन महिन्यांची वजाबाकी करून कोणाचं किती ते कळत नाही, एसीला मीटर लावा. १६ अँपियरचा प्लगमध्ये बसणारा मीटर मिळतो, ६ वाला घेऊ नका, आमचा वितळला होता.

मीटरवाला_काका
बरोबर. आणि प्लगमीटर येईपर्यंत फुकटात बघायचं असेल तर मेन मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी imp/kWh लिहिलेलं असतं. १६०० असेल तर १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसकट, एसी अर्धा तास चालू देऊन मग दहा मिनिटं मोजा. पहिल्या दहा मिनिटांचं मोजू नका, तेव्हा तो पूर्ण जोरात असतो आणि आकडा फुगतो.

बंगळूरचा_पाटील
आमच्याकडे याहून अवघड आहे. कर्नाटकात गृहज्योतीत महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट, भाडेकरूंनाही, पण तुमच्या जुन्या सरासरीवर १० टक्के एवढीच मर्यादा, आणि २०० च्या वर गेलात की पूर्ण बिल भरायचं. आमचं १७०-१८० वर असायचं, शून्य बिल. चौथा मुलगा घरून काम करायला लागला, इंडक्शनवर जेवण करायला लागला, एका महिन्यात २०७. सात युनिटसाठी अख्खं बिल. ते सगळं त्याने भरायचं का? मी म्हणालो चौघांनी, कारण १८० तर आमचेच होते. बाकीचे दोघं अजून माझ्याशी या विषयावर बोलत नाहीत.

डोंबिवली_फास्ट_नाही
@बंगळूरचा_पाटील त्याला म्हणावं इंडक्शन सोड, गॅसवर कर. वाटणी कशाला करताय.

बंगळूरचा_पाटील
गॅस सिलिंडरची वाटणी वेगळा धागा आहे भाऊ.

कर्वेनगरचा_भाडेकरू
अपडेट. मीटर आणला, आठवडाभर लावला, एसीचे २६ युनिट आले, म्हणजे महिन्याला ११० च्या आसपास. मे मध्ये ऊन जास्त होतं, त्यामुळे थोडे जास्तही असतील, पण तिघांनी ११० मान्य केले. लॅपटॉपचे ३५ सोडून दिले, पार्सल आणि कामवालीच्या बदल्यात. एसीचे ११० सोलापूरकराच्या म्हणण्याप्रमाणे वरून मोजले, ८० सोळाने आणि ३० बाराने, १,६४०. उरलेले २,६४० तिघांत ८८०. स्थिर आकार १३० तिघांत, मग सगळ्यावर १६ टक्के. नांदेडकराला साधारण २,९७५ आणि आम्हा दोघांना १,०७०. सरळ भागिले तीन केलं असतं तर १,७०५ आले असते.

नांदेड_टू_पुणे
मे पुरतं दिलंय. सरासरीने माझे तीनशे कमी झाले असते हे लिहून ठेवा.

टेपवाली_मीनल
आणि भाडं?

कर्वेनगरचा_भाडेकरू
भाड्याला चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्यात, रविवारी. नांदेडकर म्हणतो की तो दिवसभर हॉलमध्येही बसतो असं धरून हॉलचा हिस्सा त्याला जास्त लावू नका, म्हणजे कोणी म्हणालंच नव्हतं पण त्याने आधीच सांगून ठेवलंय. मीटर सध्या रिकामा होता म्हणून काल बाथरूमबाहेरच्या गिझरच्या प्लगला लावला. सोलापूरकर आत पंचवीस मिनिटं होता. आकडा फ्रिजवर लावलाय.