संक्रांत चौदालाच का येते?

इंद्रायणी (मूळ लेख): दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, संक्रांत मात्र दर वर्षी १४ जानेवारीलाच. इंग्रजांनी सरकारी सुट्टीच्या सोयीसाठी ही तारीख ठरवून दिली आणि आपण ती मुकाट्याने पाळत आलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृदुला: यात इंग्रजांचा काडीचाही संबंध नाही. दिवाळी तिथीवर चालते आणि बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, म्हणून ती दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत शिरण्याचा क्षण. इंग्रजी वर्षही सूर्याचेच असल्याने दोन्ही जुळतात, पण तेही पूर्णपणे नाही. हा क्षण दर वर्षी सुमारे सहा तास पुढे जातो. २०२४ मध्ये तो १५ जानेवारीच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास आला, म्हणून सण पंधराला झाला. मग २९ फेब्रुवारीने त्याला मागे खेचले आणि २०२५ मध्ये तो १४ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास आला. तरीही वर्षाला सुमारे वीस मिनिटे शिल्लक राहतात आणि बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. तेव्हा तर राज्य इंग्रजांचेच होते!

बार्शीकर: शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मृग दर वर्षी ७ जूनच्या आसपासच लागतो, कारण तोही सूर्यावर चालतो. पोळा मात्र कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात. पेरणीचा अंदाज आम्ही मृगावर बांधतो, पोळ्यावर नाही. मात्र संक्रांतीला सुगीचा सण म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या रानात यावे. भोगीच्या भाजीला घाटे मिळतात, पण ज्वारी तेव्हा हुरड्यात असते आणि काढणी पुढे फेब्रुवारीत होते.

रत्नागिरीकर: आमच्या घरी टिळक पंचांग असल्याने संक्रांत १० जानेवारीलाच होते. दर वर्षी शेजारच्या काकू तिळगूळ परत करतात आणि ‘तुमची संक्रांत खोटी’ असे तोंडावर सांगतात. आमचे गणित चुकले आहे काय?

मृदुला: गणित चुकलेले नाही. राशिचक्राचा आरंभ आकाशात कोठे धरायचा, यावर मतभेद आहे. तुमचे पंचांग तो सुमारे चार अंश अलीकडे धरते आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून चार दिवसांचा फरक पडतो.

ध्रुव: दोघेही चुकता आहात. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास. सण त्याच दिवशी करा, म्हणजे तारीख कायमची स्थिर होईल.

रत्नागिरीकर: आमच्या घरातला सण आपण कोण हलवणार?

मृदुला: वळण्याचा दिवस ध्रुव यांनी बरोबर सांगितला, एवढे मान्य. पण मकर रास ताऱ्यांवरून मोजायची की अयनबिंदूवरून, हा वाद पंचांगकर्त्यांनाही मिटवता आलेला नाही.

इंद्रायणी: इंग्रजांचा मुद्दा सोडते. पण शाळेची सुट्टी पंधराला का देत नाहीत, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.