सोसायटी ग्रुप: हिशोब आणि मिनिट्सचं पत्र

ए-३०२: सेक्रेटरी भाऊ, पत्र देऊन तीन आठवडे झाले, एका ओळीचं उत्तर नाही. टाकी पुन्हा गळतेय आणि मागच्या वर्षी त्याच वॉटरप्रूफिंगला २,८४,००० गेलेत. ऑडिट झालेला हिशोब आणि कमिटीचे मिनिट्स मागितलेत, कोणाच्या घराची चावी नाही.

सेक्रेटरी (बी-१०१): पत्र मिळालंय ताई. पण त्यात "सर्व हिशोब, सर्व बिलं, सर्व बँक स्टेटमेंट व इतर सर्व कागद" असं लिहिलंय. नोकरी सांभाळून मी कशाकशाचे झेरॉक्स काढू?

बी-२०४: आधी थकलेला मेंटेनन्स भरा, मग हिशोब मागा.

ए-३०२: माझे दोनच महिने राहिलेत. टाकी काय त्यामुळे गळतेय का?

नाना (ए-१०४): थांबा जरा. पत्र "सर्व" या शब्दामुळे अडकलंय. गृहनिर्माण संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १५४ब-८ लागतं, सोबत उपविधी २३. सभासदाला फुकट बघायला मिळतं ते मुख्यतः हे: शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीचं इतिवृत्त, सभासद नोंदवही आणि स्वतःच्या खात्याचे व्यवहार. बिलं-व्हाउचर किंवा दुसऱ्याचं खातं त्या यादीत नाही. ते मागितलं की नाही म्हणायला जागा होते, आणि जे द्यायलाच हवं तेही त्याच्याबरोबर पडून राहतं. थकबाकीची अट त्या कलमात नाही, हे बी-२०४ साठी.

सी-००३: विषय निघालाच आहे तर सी विंगच्या गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाही.

बी-३०३: अरे भो, काय चालू शे सकाळपासून? भरीत पार्टीचं कोणी बोलेना 😄

ए-३०२: नाना, मग नक्कल कधी मिळायला हवी?

नाना (ए-१०४): बघणं फुकट, नकलेला फी. आणि मुदत पत्राच्या तारखेपासून नाही, फी भरल्याच्या तारखेपासून धरतात. तुम्ही फी भरलेलीच नाही, म्हणजे तुमचे तीन आठवडे मोजायला सुरुवातच झालेली नाही. नवीन पत्र दोन प्रतींत द्या, एकीवर सही-शिक्का-तारीख घ्या. कोणी घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मजकूर एवढाच पुरे:

"२०२४-२५ चा ऑडिट झालेला ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक, तसेच १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मधील कमिटी सभांची इतिवृत्ते पाहण्यासाठी वेळ कळवावी. नकलेची फी किती ते लेखी कळवावे, भरून पावती घेईन."

बी-२०४: मेंटेनन्स थकला असेल तर आधी तो भरा.

ए-३०२: पण २,८४,००० उत्पन्न-खर्चात दिसलेच नाहीत तर?

नाना (ए-१०४): घाबरू नका, ताळेबंदात दुरुस्ती निधी बघा. काम थेट निधीतून केलं असेल तर खर्चाच्या बाजूला आकडा येत नाही, निधीची शिल्लक तेवढी कमी होते. तिथेही नसेल तर मात्र प्रश्न विचारा. मग मिनिट्समध्ये त्या कामाचा ठराव शोधा: कोटेशन किती आली, रक्कम किती मंजूर झाली, सूचक-अनुमोदक कोण आणि तारीख काय. ठरावात एक रक्कम आणि हिशोबात दुसरी असेल तर वाढीव रकमेचा वेगळा ठराव असायला हवा.

सेक्रेटरी (बी-१०१): नाना, खरं सांगतो. हिशोबाची फाइल तयार आहे. मिनिट्सची अडचण आहे. चार बैठका कच्च्या वहीतच आहेत, पक्क्या पुस्तकात उतरवायच्या राहिल्या.

ए-३०२: म्हणजे आता लिहून देणार?

सेक्रेटरी (बी-१०१): माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर पद सोडतो. कोणीही या, करा.

नाना (ए-१०४): भाऊ, पद सोडायचं काही नाही. फक्त मागच्या तारखेने लिहून सह्या घेऊ नका. प्रत्येक बैठकीत आधीचं इतिवृत्त वाचून कायम करतात. मध्ये घुसवलेलं पान पुढच्या बैठकीत कायम झाल्याची नोंद नसते, म्हणून ते लगेच उघडं पडतं. कच्ची वही आहे तशी दाखवा, आणि उतरवायचं राहिलंय असं लेखी द्या.

सी-००३: गाडी अजून तिथेच आहे!!

सेक्रेटरी (बी-१०१): रविवारी सकाळी ११ वाजता ऑफिसात या. ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, पक्कं पुस्तक, कच्ची वही, सगळं टेबलावर ठेवतो. नकलेची फी कमिटीला विचारून उद्या लेखी कळवतो.

ए-३०२: येते. जुनं पत्र मागे घेते, नवीन उद्या देते, पोच द्या म्हणजे झालं.

बी-२०४: आणि मेंटेनन्स?

ए-३०२: तोही रविवारीच भरते. त्याचीही पावती द्या.