पंधरवड्यात घ्यावं की दसऱ्याला?

शिंदे काकू: पोरीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर हाय. पाच तोळ्याचा साज करायचाय. पितृपंधरवड्यात सोनं डिस्काउंटात हाय अशी बातमी वाचली. आत्ताच गुजरीत जाऊन येऊ काय?

अमोल: जावा की काकू. दसऱ्याला प्रीमियम लागतोय.

सुतार आण्णा: थांबा जरा. मी सराफाकडं हिशेब लिहीत होतो म्हणून सांगतो. बातमीतला डिस्काउंट ठोक बाजारातला. लंडनचा भाव, डॉलरचा दर, आयात शुल्क आणि कर धरून जो आकडा येतो, त्यापेक्षा ठोक व्यापारी सराफाला किती कमी-जास्त लावतो, एवढाच तो फरक. तो औंसाला डॉलरमध्ये सांगतात. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम.

शिंदे काकू: आम्हाला किती पडंल ते सांगा वो.

सुतार आण्णा: समजा आत्ता 20 डॉलर डिस्काउंट हाय आणि दसऱ्याला 10 डॉलर प्रीमियम झाला. फरक 30 डॉलरचा. डॉलर 90 रुपये धरला तर ग्रॅमला 87 रुपये. तुमच्या 50 ग्रॅम 22 कॅरेटमध्ये शुद्ध सोनं 46 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सगळे मिळून चार हजार. तेही सराफ बोर्डावरच्या भावात सोडंलच असं न्हाई.

आता घडणावळ बघा. ग्रॅमला 12,000 भाव धरला तर सोनं 6 लाखांचं. घडणावळ 14 टक्क्यांवरनं 11 वर आली तर 18,000 सुटले! दसऱ्याला कारागिराला उसंत नसते, तेव्हा कोण कमी करतोय? आत्ता दुकान मोकळं, मालक स्वतः चहा सांगतोय.

सेक्रेटरी: टँकर पाचला येईल. गेटसमोरच्या गाड्या काढा.

अमोल: पण दसऱ्याला प्रीमियम नक्की ना आण्णा?

सुतार आण्णा: नक्की काय नसतं. भाव एकदम चढला तर ऐन धनत्रयोदशीला डिस्काउंट लागतो. लोक जुनं मोडून नवं करतात, ठोकवाल्याचा माल पडून राहतो. आणि भाव पडला तर पंधरवड्यातच प्रीमियम दिसंल, कारण सराफ माल नवरात्राच्या आधीच भरतात. गिऱ्हाईक नंतर येतंय.

शिंदे काकू: सगळं खरं, पण सासूबाई पंधरवड्यात सोनं उंबऱ्याच्या आत येऊ देणार न्हाईत 😅

सुतार आण्णा: मग आणू नका, ऑर्डर द्या. घडवायला दिवस लागतातच, घटस्थापनेला उचला. फक्त भाव आजचा का उचलायच्या दिवशीचा, हे पावतीवर लिहून घ्या. घडणावळीचा टक्काही त्याच पावतीवर. आणि 'घडणावळीवर निम्मी सूट' अशी पाटी दिसली तर आधी त्याचा ग्रॅमचा भाव शेजारच्या दुकानाशी ताडून बघा, तिथंच वसूल करतात.

शिंदे काकू: उद्या दुपारी येतासा काय बरोबर?

सुतार आण्णा: चारनंतर. सोमवारी नको, गुजरी बंद असती.

अमोल: आण्णा, सोमवारी चालू असती की आता.

सुतार आण्णा: मग फोन करून जाऊया.