मदत हवी आहे: तिघींचे केस रंगवायचेत, कलर किती कालवू? मागच्या वेळी अर्ध्यातच संपला होता

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात जाऊबाईंच्या मुलाची मुंज आहे आणि घरातल्या तिघींचे केस मीच घरी रंगवणार आहे. सासूबाईंचा बॉयकट, जवळपास सगळे पांढरे. माझे खांद्यापर्यंत, मध्यम दाट. आणि जाऊबाईंचे कमरेच्याही खाली, शेपटा हातात मावत नाही असे, पांढरे साधारण पाव भाग, मुख्यतः भांगात आणि कानांवर.

दीड वर्षापूर्वी जाऊबाईंचे मीच रंगवले होते तेव्हा दोन बॉक्स आणले, एकेकात 40 ग्रॅम क्रीम आणि 60 मिली डेव्हलपर, म्हणजे सगळं मिळून 200 च्या आसपास झालं असेल. मागचा उजवीकडचा भाग राहिला आणि वाडगा रिकामा! संध्याकाळचे साडेसात वाजलेले, जवळच्या दुकानात तो शेड नाही, मग मी घाईत ब्रशला उरलेल्यात दोन चमचे पाणी घालून पुरवलं. तो भाग वाळल्यावर तांबूस, बाकीचे काळपट तपकिरी. त्या काही बोलल्या नाहीत पण पुढे दोन महिने वेणी कायम डाव्या खांद्यावरून पुढे घेत होत्या, ते मला अजून लागतं.

आता पार्लरमध्ये वापरतात त्या 60 ग्रॅमच्या ट्यूब आणि 20 वॉल्यूमचा डेव्हलपर असं तुळशीबागेतून आणायचं ठरवलंय. ट्यूबच्या पत्रकात एकास एक लिहिलंय. सासूबाईंना काळा, आम्हा दोघींना डार्क ब्राऊन. कुणाला किती लागेल आणि एकूण किती ट्यूब आणू? आणि मधेच संपू नये म्हणून काय करता तुम्ही?

मेंदीवाली_आजी
माझे केस गुडघ्याला टेकायचे एके काळी. मी अर्धा किलो मेंदी रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवते, खांद्यापर्यंत असतील तर 200 ग्रॅम पुरे होते, आणि उरली तर डब्यात घालून फ्रीजरमध्ये, पुढच्या महिन्याला तीच. तुम्हीपण जास्तच कालवा आणि उरलेलं फ्रीजरला टाका, संपायची भीतीच नको.

कर्वेनगरकर
आजी, मेंदी नाही हो, क्रीमचा कलर आहे, ट्यूबमधला. तोपण ठेवता येतो का?

धनकवडी_पार्लर
नाही ठेवता येत. मेंदी फ्रीजरमध्ये टिकते, आजींचं तिथे बरोबर आहे, पण ट्यूब आणि डेव्हलपर एकत्र झाले की त्याच मिनिटाला काम सुरू होतं आणि अर्ध्या पाऊण तासात त्याचा जोर जातो. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी लावलं तर पांढऱ्यावर बसणारच नाही. आणि एक, कालवलेलं कधी झाकण घट्ट लावून बाटलीत ठेवू नका, आत गॅस तयार होतो, बाटली फुगते, फुटूही शकते. उरलं तर पाण्याने धुऊन टाका.

म्हणूनच एकदम सगळं कालवायचं नाही. मी चौदा वर्षं पार्लर चालवतेय, लांब केसाच्या बाईला कधीच एका वाडग्यात करत नाही. दुपारी सविस्तर लिहिते, आत्ता क्लायंट आलीये.

बाणेर_बाईकर
सोप्पं आहे की, डेव्हलपर डबल घाला. एक ट्यूब ला दोन. पातळ होतो, पसरतो, एका ट्यूबमध्ये दोघींचे होतात. मी माझ्या केसांना असंच करतो, दोन वर्षं झाली.

मेंदीवाली_आजी
बरं बरं, ट्यूबचं मला माहीत नव्हतं. पण सासूबाईंची पॅच टेस्ट घ्या हो आधी, माझ्या नणंदेचा चेहरा सुजला होता काळ्या कलरने, डोळे उघडत नव्हते.

धनकवडी_पार्लर
आले. आजींनी सांगितलेलं आधी करा, कानाच्या मागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून 48 तास बघायचं. काळ्या शेडला तर नक्कीच, तिघींनाही.

बाईकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. काही ट्यूबच्या पत्रकात एकास दीड किंवा एकास दोनच लिहिलेलं असतं, तिथे तसंच करायचं. पण जिथे एकास एक लिहिलंय तिथे डबल घातलं तर रंग तेवढाच आणि तो पसरतो दुप्पट जागेत. तुमचे केस आखूड आणि पांढरे थोडे असतील म्हणून खपून जातं. सासूबाईंच्या सगळ्या पांढऱ्या केसांवर ते फिकट, आरपार दिसेल आणि दहा दिवसात उतरेल. पाणी घालण्याचंही तेच होतं, ताई, तुमचा तो तांबूस भाग त्यानेच झाला. कमी पडलं तर वाढवायचं एकाच मापात दोन्ही, पातळ नाही करायचं.

आता मापं. मी मिलीत नाही मोजत, किचनचा वजनकाटा घ्या, वर प्लास्टिकचा वाडगा ठेवून शून्य करा (स्टीलचा नको). बॉयकटला 25 ग्रॅम ट्यूब आणि 25 डेव्हलपर. सगळे पांढरे आहेत म्हणून थोडा जाड थर लागेल, 30 ला 30 धरा. तुमचे खांद्यापर्यंतचे 50-60 ला तेवढाच डेव्हलपर, म्हणजे एक ट्यूब. जाऊबाईंना एकूण ओला माल 250 तरी लागेल, थोडा जास्तच. मागच्या वेळी तुमच्याकडे 200 होता, शेवटचा भाग राहिला, हे जुळतंच की.

पण दाट केसांचा अंदाज बघून कुणालाच शंभर टक्के सांगता येत नाही, मलासुद्धा. म्हणून लावता लावताच मोजायचं. मुळांना किती लागतं हे केसांच्या लांबीवर अवलंबून नसतं, डोकं तेवढंच असतं, जाऊबाईंचं असो की सासूबाईंचं. फरक पडतो तो दाटपणाने. म्हणून पहिला वाडगा फक्त मुळांचा, 40 ला 40. केसांचे चार भाग करा, कपाळापासून मानेपर्यंत एक भांग आणि कानापासून कानापर्यंत एक, चिमटे लावा, बोटभर जाडीची बट घेऊन भांगापासून तीन बोटं लावत जा. मग दुसरा वाडगा 60 ला 60 लांबीसाठी, आणि त्यातला पहिला पाव भाग झाला की ब्रश ठेवा आणि वाडगा पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम गेले त्याला चारने गुणा. तो तुमचा खरा आकडा. उरलेल्या भागांना किती लागेल ते तिथेच कळतं आणि तिसरा वाडगा बरोबर तेवढाच कालवता येतो, ना संपतो ना फेकावा लागतो.

कर्वेनगरकर
हे फारच उपयोगी, धन्यवाद! म्हणजे डार्क ब्राऊनच्या चार आणि काळ्याची एक?

धनकवडी_पार्लर
हो. माझी एक, जाऊबाईंच्या तीन. काळ्यातलं उरलेलं ब्राऊनमध्ये घालून पुरवायचं असं मनात आणू नका, वेगळाच शेड येईल. आणि चारही एकाच बॅच नंबरच्या बघून घ्या. शेवटची ट्यूब लागली तरच उघडा, बंद असेल तर बदलून मिळते का ते घेतानाच विचारून ठेवा.

*(माझी नाही, तुमची एक. घाईत टायपलं.)*

कॅम्पातली_रिया
मी कोर्स केलाय आणि आम्हाला शिकवलं होतं की कधीच न रंगवलेल्या केसांवर आधी लांबी, मुळं शेवटी, कारण टाळूच्या उबेने मुळं लवकर घेतात. मुळं आधी केली तर वर गडद आणि खाली फिकट नाही का होणार?

धनकवडी_पार्लर
उजळ करायचं असेल किंवा लाल, बरगंडी, तर तुम्ही म्हणता तसंच. इथे गडद शेड आहे आणि पांढरे सगळे मुळात आहेत, त्यांना जास्त वेळ हवा असतो. मी मुळं आधी करते, मला कधी पट्टा दिसला नाही.

कॅम्पातली_रिया
मला दिसलाय एकदा, एका मैत्रिणीच्या पातळ केसांवर. असो, जाऊबाईंचे दाट आहेत. पण दोघीजणी लावा म्हणजे मुळं आणि लांबी यात वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडणार नाही, आणि पत्रकातल्या वेळेच्या वर मुळांना ठेवू नका.

बाणेर_बाईकर
दाढीला किती लागेल?

धनकवडी_पार्लर
डोक्याचा कलर दाढीला लावू नका, चेहऱ्याची कातडी नाजूक असते, दाढीचा वेगळा मिळतो तो घ्या आणि टेस्ट करून घ्या.

कर्वेनगरकर
काल झालं, आज लिहिते कारण काल हात उचलत नव्हते. टेस्ट तिघींचीही दोन दिवस आधी घेतली होती, कुणाला काही झालं नाही.

सासूबाईंना 30 ला 30 कालवलं, 52 ग्रॅम लागलं. मला पूर्ण ट्यूब नको होती, 50 ला 50 मध्ये झालं, माझ्या धाकट्या बहिणीने लावलं. जाऊबाईंच्या मुळांना 80 पैकी 74 गेलं. मग दुसरा वाडगा 120 चा, आणि मागचा डावा पाव भाग संपल्यावर काट्यावर 75 राहिलं होतं, म्हणजे 45 गेलं. चार भागांना 180 हवं, 120 हातात, म्हणून तिसरा वाडगा 30 ऐवजी 35 ला 35 केला, टोकं कोरडी आहेत आणि जास्त पितात असं वाटलं म्हणून. शेवटी वाडग्यात सातआठ ग्रॅम उरलं असेल. नुसत्या ट्यूबा मोजल्या तर 135 ग्रॅम लागल्या, म्हणजे दोन आणून बसले असते तर याही वेळी पंधरा ग्रॅमने अडले असते!

बहिणीने एका बाजूला आणि मी एका बाजूला लावलं, लांबीला पंचवीस मिनिटं लागली. रंग सगळीकडे सारखा आहे, उन्हात गॅलरीत उभं करून बघितलं. जाऊबाई आज वेणी मागे सोडून फिरतायत.

एक राहिलं, सासूबाईंच्या कानांवरच्या चार बटा अजून पांढऱ्या चमकतायत. मुंज परवा आहे. काळी अर्धी ट्यूब शिल्लक आहे, झाकण लावून ठेवलीये. परत तेवढ्याला लावू की लगेच दुसऱ्या दिवशी नको?

कॅम्पातली_रिया
मी थांबले असते, टाळूला सलग दोनदा नको.

धनकवडी_पार्लर
आग, लाली, खाज काही नसेल तर फक्त त्या बटांवर चालेल, टाळूला टेकवू नका. 5 ला 5 पुरे. कानांवरचे केस राठ असतात, म्हणून पुढच्या वेळी कलर तिथून सुरू करा. ट्यूब उघडली तरी डेव्हलपर मिसळला नसेल तर टिकते, दाबून हवा काढा आणि झाकण घट्ट लावा, बाहेर आलेली क्रीम काळी पडली असेल तर तेवढी काढून टाका.

कर्वेनगरकर
सासूबाईंना विचारलं, त्या म्हणतायत राहू देत. मी उद्या सकाळी परत एकदा विचारून बघते.