वेस्टफालियाचा तह: सहिष्णुता की नुसता हिशेब?

तिरपा_डोळा: १६४८च्या वेस्टफालियाच्या तहातून युरोपात धार्मिक सहिष्णुता आली, असं सर्रास लिहिलं जातं. मला तरी त्यात थकलेल्या राजांची वाटणी दिसते. तीस वर्षं धर्माच्या युद्धात माणसं मेली आणि शेवटी हाती आला एका ठराविक वर्षाची स्थिती कायम ठेवायचा नियम. याला सहिष्णुता म्हणायचं का?

सह्याद्री_वारा: साफ असहमत. १५५५च्या आउग्सबुर्ग तहात 'ज्याचं राज्य त्याचा धर्म' असं ठरलं होतं, ते १६४८ला रद्द झालं आणि प्रत्येकाला आपापल्या धर्माचं स्वातंत्र्य मिळालं. हे थोडं झालं का?

जुनापोथा: अर्धं बरोबर आहे, पण 'प्रत्येकाला' हा शब्द मागे घ्या. मान्यता तिघांनाच होती: कॅथलिक, आणि प्रोटेस्टंटांपैकी लुथरन व १५५५ला वगळलेले काल्विनवादी. बाकी कोणत्याही पंथाला जर्मन साम्राज्यात थारा नाही, असं तहातच लिहिलंय, म्हणजे अॅनाबॅप्टिस्ट बाहेरच राहिले. शिवाय सम्राटाने आपल्या हाब्सबुर्ग घराण्याच्या खास प्रांतांना या नियमातून जवळजवळ सोडवून घेतलं.

आता तारखेचं. ती निरर्थक नव्हती. १६२९ला सम्राटाने फर्मान काढून १५५२नंतर प्रोटेस्टंटांकडे गेलेली चर्चची मालमत्ता परत मागितली आणि युद्ध चिघळलं. मग वाटाघाटीत भांडण एकच: घड्याळ कुठल्या वर्षापाशी थांबवायचं? प्रोटेस्टंटांना १६१८ हवं होतं, म्हणजे कॅथलिक विजयांच्या आधीचं. कॅथलिकांना नंतरचं. तडजोड १६२४वर झाली. मालमत्तेसाठी १ जानेवारी १६२४चा ताबा धरायचा. प्रजेच्या सार्वजनिक उपासनेसाठी मात्र त्या वर्षात केव्हाही ती चालू होती एवढं दाखवलं की पुरे. त्यामुळे 'खरा धर्म कोणता' हा प्रश्न कोर्टात जाईना, जायचा तो 'त्या साली तिथे कोण प्रार्थना करत होतं' हा. जुनी कागदपत्रं आणि म्हाताऱ्या साक्षीदारांनी सुटू शकणारा प्रश्न.

तिरपा_डोळा: म्हणजे माझंच म्हणणं! श्रद्धा गोठवून फाईलला लावली.

जुनापोथा: गोठली राजाचीही. १६९७ला सॅक्सनी या जर्मन राज्याचा शासक ऑगस्ट पोलंडच्या गादीसाठी कॅथलिक झाला, पण सॅक्सनी लुथरनच राहिलं. शंभर वर्षांपूर्वी राजा फिरला की गावचं चर्चही फिरायचं.

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं, आउग्सबुर्ग तहाच्या पाचच वर्षांनी. मग पोर्तुगीजांनी हे तह पाळले नाहीत म्हणून त्यांना कुणी जाब का विचारला नाही?

जुनापोथा: कारण त्या तहाने ते बांधलेलेच नव्हते. आउग्सबुर्ग म्हणजे जर्मन साम्राज्याचा अंतर्गत करार, आणि वेस्टफालियातली धर्माची कलमंही त्याच साम्राज्यापुरती. लिस्बनची हद्द वेगळी. 'युरोपात' सहिष्णुता आली या वाक्याची खोट नेमकी इथे दिसते.

सह्याद्री_वारा: पण १६२४ला ज्यांना हक्क नव्हता त्यांचं काय? त्यांना हाकललंच ना?

जुनापोथा: तहात त्यांचीही सोय आहे. घरात खासगी प्रार्थना, शेजारच्या राज्यातल्या चर्चमध्ये जायची मुभा, मुलांना बाहेरच्या शाळेत घालायची मुभा. जायचंच झालं तर तहाच्या वेळी आधीपासून वेगळ्या धर्माचे असलेल्यांना किमान पाच वर्षांची मुदत, पुढे धर्म बदलणाऱ्यांना तीन, आणि मालमत्ता विकायची किंवा कारभारी नेमून ठेवायची परवानगी.

तिरपा_डोळा: आणि साल्झबुर्ग? १७३१ला तिथल्या राज्यकर्त्या आर्चबिशप फिर्मियानने सुमारे वीस हजार लुथरन हाकलले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना आठ दिवस! कुठे गेली तुमची तीन वर्षं?

जुनापोथा: हा घाव बरोबर बसलाय. त्याची युक्ती पाहा: हे लोक धर्मासाठी नव्हे, बंडखोर म्हणून जाताहेत, तेव्हा तहाची मुदत यांना लागू नाही, असं त्याने म्हटलं. कलम मोडायचं नाही, माणसांना कलमाबाहेर काढायचं. मात्र प्रोटेस्टंट राज्यांनी तहाचा आधार घेऊन रेटा लावला, तेव्हा जमीनवाल्यांची मुदत वाढली. प्रशियाने बहुतेकांना पूर्व प्रशियात वसवलं, अर्थात तिथे माणसं कमी होती म्हणूनही.

सह्याद्री_वारा: म्हणजे तह चालला की नाही चालला?

जुनापोथा: गावागावात बघा. आउग्सबुर्ग शहरात महत्त्वाची पदं निम्मी-निम्मी वाटली होती, नगरप्रमुखही दोन, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. बिबराख शहरात तर सेंट मार्टिन हे एकच चर्च दोघं आळीपाळीने वापरत. कुरबुरी दर वर्षी: कुणाची प्रार्थना लांबली, कुणाची घंटा आधी वाजली. पण तलवार नाही.

तिरपा_डोळा: घंटेवर भांडणं म्हणजे तुमची सहिष्णुता?

जुनापोथा: मी तिला शेजार म्हणेन. १६२९च्या आउग्सबुर्गमध्ये प्रोटेस्टंट उपदेशकांना बोलायलाच बंदी होती.